पीओची कॉपी आधी, टॅक्स इन्व्हॉइस नंतर

प्रश्न: आम्ही भोसरीत एअर कंप्रेसरच्या दुरुस्ती-सर्व्हिसिंगचं छोटं काम करतो. चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सच्या साहेबांनी फोनवर काम सांगितलं, आम्ही करून दिलं, बिल पाठवलं. बरेच दिवस शांतता, मग अकाउंट्सनं "पीओ नंबर नाही" म्हणून बिल परत केलं. साहेब म्हणतात, होईल हो, काळजी करू नका. पुढच्या वेळी पीओ नंबर आधी मागायचा तर कुणाकडे, कधी आणि कसा? कस्टमर दुखावणार नाही ना? आणि या अडकलेल्या बिलाचं काय करू?

उत्तर:

दुखावणार नाही. पीओ म्हणजे कंपनीची लेखी पर्चेस ऑर्डर, आणि ती मागणारा व्हेंडर मोठ्या कंपनीत कुणालाच खटकत नाही. खटकतो तो पीओशिवाय बिल टाकून मग मेंटेनन्स, पर्चेस आणि अकाउंट्स अशा तिघांनाही फोन करत बसणारा. मी काही वर्षं एका कंपनीत व्हेंडरांची बिलं बुक करणाऱ्या टेबलावर होते आणि आता पिंपरी-चिंचवडमधल्या तुमच्यासारख्याच छोट्या व्हेंडरांचं बिलिंग बघते. त्यामुळे बिल परत करणारी बाजू आणि परत आलेलं बिल हातात घेऊन बसणारी बाजू, दोन्ही मला माहीत आहेत.

आधी त्या टेबलावर काय होतं ते बघा, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. बऱ्याच कंपन्यांत खरेदी आणि हिशोबासाठी सॅप नावाचं सॉफ्टवेअर असतं. बिल बुक करायची स्क्रीन उघडली की क्लार्क सगळ्यात आधी पीओ नंबर टाकतो. तो टाकला की त्या पीओच्या ओळी समोर येतात: काय मागवलं, किती, काय दरानं, आणि त्यातलं किती काम झाल्याची नोंद आहे. मग तो तुमचं बिल त्या ओळींशी ताडून बघतो. पीओ, माल किंवा काम मिळाल्याची नोंद आणि बिल ही तिन्ही जुळली तर बिल पुढे सरकतं. नंबरच नसेल तर त्याच्यासमोर रिकामी स्क्रीन असते. तुमचं काम चांगलं झालं की वाईट, साहेबांनी सांगितलं होतं की नव्हतं, हे त्याला दिसतच नाही. पीओशिवाय पैसे देण्याचा रस्ता असतो, पण तो वीजबिल, भाडं, सरकारी फी अशा खर्चांसाठी. कंप्रेसरची दुरुस्ती त्यातून नेली तर ऑडिटर विचारतो आणि त्या क्लार्कला उत्तर द्यावं लागतं. म्हणून तो बिल परत करतो, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही केलं असतं.

गंमत अशी की कायद्याच्या दृष्टीनं तुमचं बिल बहुधा बरोबरच आहे. टॅक्स इन्व्हॉइसवर काय काय असायला हवं याची यादी जीएसटीच्या नियम ४६ मध्ये आहे. तुमचं नाव-पत्ता आणि जीएसटी नंबर, बिलाचा सलग क्रमांक, तारीख, समोरच्याचा जीएसटी नंबर, मालाचा एचएसएन किंवा सेवेचा सॅक कोड, रक्कम, कर वगैरे. पीओ नंबर त्या यादीत नाही. म्हणजे पीओ नंबर नसलेलं बिल सरकारच्या लेखी पूर्ण आणि कंपनीच्या लेखी कचरा, अशी विचित्र अवस्था होते. छोट्या माणसाचे पैसे इथेच अडकतात, कारण बिल काढल्याबरोबर सरकारचं घड्याळ सुरू होतं आणि कंपनीचं होत नाही.

आकड्यांत सांगते. समजा, तुमचं काम ८५,००० रुपयांचं आहे. १८ टक्क्यांनी जीएसटी १५,३०० आणि एकूण बिल १,००,३००. बिलाची तारीख २२ सप्टेंबर. तुम्ही दर महिन्याला रिटर्न भरत असाल तर हे बिल ११ ऑक्टोबरपर्यंत जीएसटीआर-१ मध्ये दाखवायचं आणि तुमचं खरेदीवरचं क्रेडिट वजा जाऊन उरलेला कर २० ऑक्टोबरपर्यंत जीएसटीआर-३बी मधून भरायचा. कंपनीनं बिल परत केलं, पीओ निघायला दिवाळी उजाडली, तरी हे १५,३०० रुपये तुमच्या खिशातून आधीच गेलेले असतात. वर सुट्या भागांचा खर्च आणि माणसांची मजुरी गेली ती वेगळीच. म्हणून मी माझ्या व्हेंडरांना एकच शिस्त लावते: पीओची कॉपी हातात येईपर्यंत टॅक्स इन्व्हॉइस काढायचा नाही. कुणाला आगाऊ कागद हवाच असेल तर प्रोफॉर्मा द्या. त्यावर ठळक "प्रोफॉर्मा" लिहा आणि त्याला तुमच्या बिलांच्या मालिकेतला नंबर देऊ नका. प्रोफॉर्मावर कर भरावा लागत नाही.

आता कुणाकडे मागायचा. मेंटेनन्सचे साहेब भले माणूस असतील, पण पीओ काढायचा अधिकार त्यांच्याकडे नसतो. ते पीआर टाकतात, म्हणजे "आम्हाला हे काम हवं आहे, बजेट अमुक" अशी सिस्टीममधली मागणी. ती रकमेप्रमाणे एक-दोन किंवा जास्त वरिष्ठांकडून मंजूर होते. त्याला ऑफिसात "रिलीज" म्हणतात. मग पर्चेसवाले तुमचं कोटेशन लावून पीओ काढतात, तो पुन्हा रिलीज होतो आणि मग कॉपी तुमच्या मेलवर येते. "होईल हो" याचा अर्थ यातल्या कुठल्याही टप्प्यावर काहीही असू शकतो. बऱ्याचदा अर्थ असा असतो की पीआरच टाकलेला नाही.

म्हणून मेंटेनन्सच्या साहेबांना पीओ नंबर विचारण्यात फारसा अर्थ नाही. त्यांना विचारायचं ते असं: "सर, पीआर नंबर मिळेल का? आणि रिलीज झालाय का?" हा प्रश्न ऐकला की त्यांना कळतं, समोरच्याला सिस्टीम माहीत आहे. पीआर नंबर मिळाला तर काम खरोखर पुढे सरकतंय. तो नंबर घेऊन पर्चेसच्या माणसाकडे जायचं आणि त्याला पीओ विचारायचा. पर्चेसचा माणूस कोण हेही साहेबांकडूनच काढून घ्या. शक्य असेल तर मेलमध्ये दोघांनाही ठेवा, म्हणजे एकानं दुसऱ्याकडे बोट दाखवायला जागा राहत नाही. तुम्ही त्या कंपनीत नवीन असाल तर आणखी एक गोष्ट आधी विचारून घ्या: आपला व्हेंडर कोड निघालाय का? कोड नसेल तर पीओ निघूच शकत नाही. त्यासाठी पॅन, जीएसटी सर्टिफिकेट, कॅन्सल चेक आणि असेल तर उद्यम सर्टिफिकेट असे कागद लागतात, आणि ते जाऊन कोड तयार व्हायला वेळ लागतो. पीओ रखडला की कारण बहुतेक वेळा इथे सापडतं.

कधी मागायचा? माणसं गेटवर पोचण्याच्या आधी. काम झाल्यावर तुमच्या हातात काहीच उरत नाही. कंप्रेसर चालू झालेला असतो, साहेबांची घाई संपलेली असते आणि तुम्ही त्यांच्या यादीत खाली गेलेले असता. सगळ्यात सोपी जागा म्हणजे कोटेशन. अटींमध्ये एक ओळ कायमची टाकून ठेवा: "पीओची कॉपी मिळाल्यावर काम सुरू होईल, बिल पीओनुसार दिलं जाईल." मग नंतर मागताना ते तुमचं वैयक्तिक मागणं राहत नाही, आधीच ठरलेली अट असते. आणि कोटेशन मंजूर झाल्याचा फोन आला की लगेच असा मेसेज पाठवा:

"नमस्कार सर. कंप्रेसर ओव्हरहॉलिंगचं काम कन्फर्म केल्याबद्दल आभार. गुरुवारी सकाळी टीम पाठवतो. त्याआधी पीओची कॉपी मेलवर मिळाली तर बरं होईल. बिलावर पीओ नंबर, लाइन आणि बिलिंगचा पत्ता तसाच टाकावा लागतो, नाहीतर अकाउंट्सकडून परत येतं आणि तुम्हालाच पुन्हा त्रास होतो. पीओ प्रोसेसमध्ये असेल तर तूर्त पीआर नंबर कळवा."

यात "विश्वास नाही" असं कुठेही येत नाही. कारण अकाउंट्सचं आहे, आणि अकाउंट्सबद्दल प्रत्येक मेंटेनन्सवाल्याची तक्रार असतेच. त्या एका मुद्द्यावर तो तुमच्या बाजूचा असतो. शेवटचं वाक्यही मुद्दाम टाकलेलं आहे. पीओ तयार नसेल तर माणूस संकोचून उत्तरच देत नाही, पीआर नंबर मात्र पटकन देतो.

मेसेजमध्ये मी "नंबर" मागितला नाही, "कॉपी" मागितली, हे लक्षात घ्या. फोनवर सांगितलेला दहा आकडी नंबर बिलावर छापला तरी बिल परत येऊ शकतं. एखादा आकडा चुकलेला असतो, किंवा साहेबांनी मागच्याच वर्षीच्या पीओचा नंबर दिलेला असतो. नंबर बरोबर असला तरी आतला मजकूर जुळला नाही तर निकाल तोच. तुमच्याच धंद्यातलं उदाहरण घेऊ.

तुम्ही दोन कंप्रेसरच्या ओव्हरहॉलिंगचं कोटेशन दिलं: मजुरी प्रत्येकी ३०,००० म्हणजे ६०,०००, आणि व्हॉल्व्ह किट २५,०००. एकूण ८५,०००. पर्चेसवाल्यानं पीओ काढला तो असा: लाइन १०, ओव्हरहॉलिंग, १ जॉब, ६०,०००. लाइन २०, व्हॉल्व्ह किट, १ सेट, २५,०००. तुम्ही बिलात तुमच्या सवयीनं लिहिलं, "ओव्हरहॉलिंग, २ नग, दर ३०,०००." बेरीज तीच, पण क्लार्कच्या स्क्रीनवर पीओत संख्या १ आणि बिलात २. तो बिल बाजूला ठेवतो. किंवा तुम्ही दोन्ही ओळी एकत्र करून "कंप्रेसर दुरुस्ती, ८५,०००" अशी एकच ओळ टाकली. मग सेवा कुठली आणि माल कुठला हे त्याला कळत नाही. मजुरीच्या ओळीला दुरुस्ती-सेवेचा ९९८७ ने सुरू होणारा सॅक लागतो, किटला कंप्रेसरच्या भागांचा ८४१४ मधला एचएसएन. पुन्हा मजुरीच्या ओळीसमोर काम झाल्याची नोंद मेंटेनन्स करतं आणि किटच्या ओळीसमोर माल मिळाल्याची नोंद स्टोअर करतं. म्हणून बिल पीओच्या भाषेत लिहायचं. ओळींचा क्रम, वर्णन, एकक आणि दर जसाच्या तसा. तुमचं कोटेशन कितीही सुबक असलं तरी पीओ निघाल्यावर ते फाइलला लावून ठेवायचं.

कॉपी आली की बिलिंगचा पत्ता आणि जीएसटी नंबर डोळ्यांत तेल घालून बघा. एकाच कंपनीचं ऑफिस मुंबईत, एक प्लांट चाकणला आणि दुसरा गुजरातेत साणंदला असू शकतो. महाराष्ट्राचा जीएसटी नंबर २७ ने सुरू होतो, गुजरातचा २४ ने. साणंदच्या कामाचा पीओ २४ च्या नंबरवर असेल आणि तुमची नोंदणी इथली, तर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर, लागेल. सवयीनं राज्यातल्या व्यवहाराचा सीजीएसटी-एसजीएसटी लावून २७ च्या नंबरवर बिल काढलं तर ती चूक पीओ नंबर विसरण्यापेक्षा महागात पडते, कारण तिथे कराची नोंदच चुकीच्या ठिकाणी जाते आणि ती निस्तरायला तुमच्या सीएला बसावं लागतं. पीओवर मुदतही असते. ती संपली असेल तर काम सुरू करायच्या आधी वाढवून घ्या. पेमेंटचे दिवस कोटेशनमध्ये ३० होते आणि पीओत ६० झालेत का, हेही तिथेच कळतं. बोलायचं असेल तर तेव्हाच बोला. एकदा पीओ स्वीकारून काम केलं की मग तो वाद ऐकायला कुणी बसत नाही.

आता मशीन उघडल्यावर कूलरचा गॅस्केट गेलेला निघाला, ४,५०० रुपये जादा. हे तुमच्याकडे दर दुसऱ्या कामात होत असणार. मोह असा होतो की बिलात एक ओळ वाढवायची आणि ८९,५०० चं बिल काढायचं. तसं करू नका, सबंध बिल अडकेल. तिथूनच फोटोसकट साहेबांना मेल किंवा मेसेज टाका, होकार लेखी घ्या आणि पीओत सुधारणा किंवा वेगळा छोटा पीओ मागा. पहिलं बिल ८५,००० चंच काढा. सुधारणा आली की गॅस्केटचं वेगळं बिल, ४,५०० अधिक ८१० जीएसटी, ५,३१०. त्या ५,३१० रुपयांसाठी एक लाख तीनशे रुपये थांबवण्यात काही हशील नाही.

इतकं सगळं सांगूनही मला माहीत आहे की ब्रेकडाउनला हे जमत नाही. रात्री लाइन बंद पडली, साहेबांचा फोन आला, तर तिथे "आधी पीओ" म्हणणाऱ्याला पुन्हा कोणी बोलावणार नाही. अशा वेळी जा, पण लेखी खूण घेऊन जा. साहेबांकडून व्हॉट्सॲपवर का होईना, "अमुक मशीन बंद, तातडीनं या, अंदाजे खर्च अमुक मंजूर" एवढं लिहून घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच मजकूर मेलवर टाका आणि पर्चेसला कॉपी करा. काम झाल्यावर सर्व्हिस रिपोर्टवर तारीख, मशीन नंबर आणि साहेबांची नावासकट सही घ्या. नुसती रेघोटी ओढलेली सही सहा महिन्यांनी कुणाची ते त्यांनाही ओळखता येत नाही. आणि मग पीओ येईपर्यंत बिल काढू नका.

फक्त इथे एक मर्यादा आहे. सेवेचं बिल काम पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांच्या आत काढायला हवं, असा जीएसटीचा नियम आहे. १० सप्टेंबरला काम संपलं तर १० ऑक्टोबरपर्यंत तुमच्याकडे सवड आहे. ती ओलांडून बिल काढलं तर कराची जबाबदारी बिलाच्या तारखेला नाही, काम संपल्याच्या तारखेला धरली जाते आणि उशिराचं व्याज लागू शकतं. म्हणून काम संपल्यावर आठवडाभरात पहिली आठवण, पंधराव्या दिवशी दुसरी, आणि विसाव्या दिवशी साहेबांच्या वरिष्ठांना कॉपी करून तिसरी. तिसऱ्या मेलमध्ये तारीखच लिहा: "जीएसटी नियमानुसार आम्हाला १० ऑक्टोबरच्या आत बिल काढावं लागेल, कृपया त्याआधी पीओ द्यावा." नियमाची ठरलेली तारीख दिसली की वरिष्ठ हलतात, हा माझा अनुभव आहे. तरीही पीओ आला नाही तर तारीख चुकवू नका. बिल काढा, कर भरा, आणि त्या कंपनीचं पुढचं काम घेताना हे लक्षात ठेवा.

नुसते सुटे भाग पाठवत असाल तर ही सवडही मिळत नाही. मालाचं बिल माल निघतानाच काढावं लागतं. सुदैवानं तिथे कंपनीचा गेटच तुमची चूक पकडतो. सिक्युरिटीवाला कागदावर पीओ नंबर बघतो, नसेल तर गाडी आत सोडत नाही. एक हेलपाटा फुकट जातो, पण निदान माल तुमच्याकडेच राहतो.

तुमची ही कंपनी दर दोन महिन्यांनी बोलावणारी असेल तर तिच्या पर्चेसकडे ओपन पीओ मागा. वर्षभराची मुदत, एकूण रकमेची मर्यादा, कामांचे आणि नेहमी लागणाऱ्या भागांचे ठरलेले दर. मग रात्रीच्या ब्रेकडाउनलाही नंबर तयार असतो आणि तो ४,५०० चा गॅस्केटही त्यात बसतो. पर्चेसलाही बरं पडतं, दर वेळी नवा पीओ काढायचा त्रास वाचतो. फक्त शिल्लक रकमेचा हिशोब तुमच्या वहीत ठेवा. चार लाखांच्या ओपन पीओवर ३,८०,००० ची बिलं झाली असतील आणि पुढचं काम ३५,००० चं असेल, तर कोटेशन देतानाच वाढ मागायची. क्लार्कला मर्यादा संपल्याचं तुमचं बिल टाकताना कळतं, तोवर काम होऊन गेलेलं असतं. आणि अशा पीओंची मुदत बऱ्याचदा ३१ मार्चला संपते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यातलं काम आणि एप्रिलमधलं बिल ही जोडगोळी हमखास अडकते, तेव्हा मार्चची बिलं मार्चमध्येच आत जातील असं बघा.

सगळीकडे पीओ असतोच असं नाही. एका मालकाचं वर्कशॉप, छोटी बेकरी, हाउसिंग सोसायटी, इथे पीओ मागितला तर समोरचा गोंधळतो. तिथे मालकाचा मेल किंवा मेसेज, सोसायटी असेल तर सेक्रेटरीच्या सहीची वर्क ऑर्डर घ्या आणि बिलावर "आपल्या अमुक तारखेच्या मेलनुसार" असं लिहा. नवीन कस्टमरला पहिल्याच फोनवर विचारून घ्यावं: "तुमच्याकडे बिलाला पीओ लागतो का? बिल कुणाच्या मेलवर पाठवायचं?" उत्तर "नाही लागत" असं आलं तर तेही मेलवर मागून घ्या.

आता तुमच्या अडकलेल्या बिलाकडे येऊ. पहिलं सांगते ते काय करायचं नाही: नव्या नंबरानं दुसरं बिल काढायचं नाही. बरेच जण घाबरून हेच करतात, आणि मग रिटर्नमध्ये एकाच कामाची दोन बिलं दिसतात, कर दोनदा लागतो. पुढे काय ते तारखांवर आणि त्या कंपनीच्या नियमावर अवलंबून आहे.

पीओ आता निघाला आणि त्यांना बिलाची जुनी तारीख चालत असेल, तर त्याच नंबरचं, त्याच तारखेचं, त्याच रकमेचं बिल पीओ नंबर घालून पुन्हा छापून द्या. जीएसटीआर-१ मध्ये पीओ नंबराचा रकानाच नाही, त्यामुळे तुमच्या रिटर्नमध्ये काहीच बदलत नाही. मात्र ओळी आणि रकमा पीओशी जुळत असतील तरच हे चालतं. काही कंपन्यांत बिलाची तारीख पीओच्या तारखेआधीची असली की ऑडिट हरकत घेतं, कारण त्यातून काम आधी आणि मंजुरी नंतर हे उघड दिसतं. अशा वेळी पर्चेसकडून उशिराचं कारण लिहिलेली मंजुरी फाइलला लावून ते बुक करतात. हे तुम्हाला करता येत नाही, साहेबांनाच करावं लागतं. जुनं बिल रद्द करून नव्या तारखेचंच द्या असं ते अडून बसले, तर क्रेडिट नोट किंवा रिटर्नमधली दुरुस्ती यांतलं काय बसतं ते तुमच्या सीएला विचारल्याशिवाय करू नका. तुमचं रिटर्न गेलंय की नाही, कंपनीनं त्या बिलाचं क्रेडिट घेतलंय की नाही, यावर ते ठरतं.

तुमची उलाढाल पाच कोटींच्या वर गेली असेल तर तुम्हाला ई-इन्व्हॉइस लागू असेल. त्यात पीओ नंबरासाठी `PORefr` नावाचा ऐच्छिक रकाना आहे. सॉफ्टवेअरवाल्याला सांगून तो चालू करून घ्या. ई-इन्व्हॉइस रद्द करायला फक्त २४ तास मिळतात, आणि रद्द केलेला बिल नंबर परत वापरता येत नाही. म्हणून नुसता पीओ नंबर राहिला म्हणून रद्द करायला धावू नका. आयआरएन, म्हणजे ई-इन्व्हॉइसला मिळणारा ओळख क्रमांक, हा तुमचा जीएसटी नंबर, कागदाचा प्रकार, बिल नंबर आणि आर्थिक वर्ष यांवरून बनतो. छापील प्रतीवर पीओ नंबर वाढवल्यानं तो बदलत नाही, आणि क्यूआर कोडमध्येही पीओ नंबर नसतो.

उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगाला ४५ दिवसांत पैसे द्यायचा कायदा आहे, त्याचं काय, असं तुम्ही विचाराल. २००६ चा एमएसएमई कायदा तसं म्हणतो. लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५. आणि ते दिवस माल किंवा काम स्वीकारल्यापासून मोजायचे, बिल त्यांच्या सिस्टीममध्ये चढल्यापासून नाही. कामाबद्दल हरकत असेल तर ती पंधरा दिवसांत लेखी घ्यायला हवी. "पीओ नंबर नाही" ही कामाबद्दलची हरकत नव्हेच. कागदावर तुमची बाजू भक्कम आहे. पण अकाउंट्सच्या टेबलावर हा मुद्दा मांडून पीओ निघत नाही, उलट साहेब अवघडतात. तो शेवटच्या मेलसाठी राखून ठेवा. त्यासाठी तुमच्याकडे एकच गोष्ट असली पाहिजे: काम स्वीकारल्याची तारीख असलेला, सही केलेला सर्व्हिस रिपोर्ट. तो या वेळी घेतला नसेल तर उद्याच चाकणला चक्कर मारा, मशीन चालू असतानाच त्यांच्याकडून सही घ्या, आणि त्याच भेटीत पीआर नंबर विचारा.